व्हिजिटिंग कार्ड शीटवर बसत नाहीत, कडेला पांढरी रेघ राहते, शीट कमी पडतात: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

दसरा-दिवाळीच्या आधी आणि नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की हेच फोन येतात. डिझाइन झालेलं असतं, गिऱ्हाइकाने ओके दिलेलं असतं आणि मग शीटवर लावताना किंवा कटिंगनंतर घोळ निघतो. मी डीटीपी आणि डिजिटल प्रिंटिंगच्या लाइनीत आहे, हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी साधारण कळतं. तेच इथे लिहितोय.

खालचे सगळे आकडे एकाच जॉबचे आहेत, म्हणजे ताळा करून बघता येईल. कार्ड ८९ × ५१ मिमी, म्हणजे आपलं साडेतीन बाय दोन इंच, आणि शीट १२ × १८ इंच, म्हणजे ३०५ × ४५७ मिमी, ३०० जीएसएम आर्ट कार्ड. तुमचं कार्ड ९० × ५४ असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

आधी लक्षणं

नक्की काय होतंय ते आधी ठरवा, कारण "कार्ड चुकलं" या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात.

कार्ड मोजलं तर ८९ च्या ऐवजी ८६ भरतंय आणि शीटवरची सगळीच कार्डं तशीच लहान आहेत, हा एक प्रकार. दुसरा म्हणजे कार्ड मापात आहे पण एका कडेला केसाएवढी पांढरी रेघ दिसते, किंवा शेजारच्या कार्डाचा रंग कडेला डोकावतो. तिसरा, पुढची बाजू बरोबर पण मागची सरकलेली. आणि चौथा, ज्यात छपाईचा काहीच दोष नसतो: हिशोबाने शीट आणले आणि हजाराच्या जागी आठशे सोळाच कार्डं निघाली.

सरकण्याचा प्रकारही नीट बघा. सरक सगळीकडे सारखी असेल तर जागेचा प्रॉब्लेम आहे, पहिल्या ओळीत बरोबर आणि खाली जाताना वाढत जाणारी असेल तर स्केलचा, आणि प्रत्येक शीटला वेगळी असेल तर कागद ओढण्याचा म्हणजे मशीनचा. ए४ च्या तयार कापलेल्या लेबल शीटवरही हेच चालतं. पहिल्या ओळीतला पत्ता लेबलच्या मधोमध आणि शेवटच्या ओळीतला अर्धा खालच्या लेबलवर गेला असेल तर मार्जिन ओढत बसू नका, स्केल बघा.

१. स्केल. दोन मिनिटांचं काम, खर्च एका शीटचा

शीटच्या कडेला जिथे मोकळी जागा आहे तिथे बरोबर १०० मिमी लांबीची एक रेघ टाका आणि एकच शीट छापा. स्टीलच्या पट्टीने मोजा, प्लास्टिकच्या नको, तिचं शून्य कडेपासून आत असतं आणि तिथेच एक मिमी जातो. रेघ ९७ च्या आसपास भरली तर पुढचं काही तपासायची गरज नाही, पीडीएफ छापताना `Fit` राहिलंय. ते `Actual size` करा.

हे इतकं का होतं तर मशीन कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. `Fit` असलं की सॉफ्टवेअर तुमचं अख्खं ३०५ मिमीचं पान छापता येण्यासारख्या साधारण २९५ मध्ये कोंबतं, म्हणजे सगळं ९७ टक्क्यांच्या आत येतं. ८९ चं कार्ड ८६ होतं, ५१ चं ४९ आणि थोडं. क्रॉप मार्कही त्याच हिशोबाने आत येतात त्यामुळे कटिंगवाला मार्कवर बरोबर कापतो, काहीच वावगं दिसत नाही, आणि गिऱ्हाईक कार्ड पाकिटात घालतं तेव्हा जुन्या कार्डापेक्षा लहान लागतं. कटिंगवाल्याशी भांडण्याआधी ही रेघ मोजाच.

२. कागदाचा आकार आणि छापता येणारी जागा

चौथं लक्षण, म्हणजे शीट कमी पडणं, हे जवळजवळ नेहमी इथूनच येतं. बरेच जण शीटचं क्षेत्रफळ भागिले कार्डाचं क्षेत्रफळ करतात. ३०५ गुणिले ४५७ भागिले ८९ गुणिले ५१ केलं की साधारण ३०.७ येतं, मग "एका शीटमध्ये ३० कार्डं" असं गिऱ्हाइकाला सांगून मोकळे होतात, हजाराला ३४ शीट आणतात. प्रत्यक्षात बसतात २४, त्यामुळे ३४ शीटमध्ये ८१६ कार्डं होतात आणि १८४ कमी पडतात. उरलेल्या चिंध्या जोडून काही कार्ड होत नाही, अख्खं कार्ड बसलं तरच ते मोजायचं.

म्हणून आधी चारही बाजूंनी मशीनची न छापणारी पट्टी वजा करा. मशीनप्रमाणे ती वेगळी असते, पण ५ मिमी धरलं की बहुतेक डिजिटल मशीनवर सुरक्षित राहता. ३०५ चे झाले २९५, ४५७ चे ४४७. आता ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर रंग जितका वाढवलाय तो. प्रत्येक बाजूला २ मिमी ब्लीड दिलं तर एका कार्डाला लागणारी जागा ९३ × ५५.

आडवं २९५ भागिले ९३ म्हणजे ३, उभं ४४७ भागिले ५५ म्हणजे ८. तीन गुणिले आठ, २४. कार्ड फिरवून बघा: ४४७ भागिले ९३ म्हणजे ४ आणि २९५ भागिले ५५ म्हणजे ५, एकूण २०. दोन्ही करून बघायचंच, दर वेळेला, कारण कुठलं जास्त येईल ते नुसतं बघून कळत नाही.

आणि हेच ब्लीड ३ मिमी केलं तर जागा होते ९५ × ५७, उभ्या ओळी ८ वरून ७ वर येतात आणि शीटमध्ये २१ च. एका मिमीने तीन कार्डं गेली. हजाराला ४२ च्या जागी ४८ शीट. त्यामुळे डिझायनरने दिलेल्या फाइलचं ब्लीड न बघता शीटचा आकडा सांगू नका. मला विचाराल तर चांगला कटिंगवाला असेल तर व्हिजिटिंग कार्डाला २ मिमी पुरतं, जॉब बाहेर कुठेतरी कापायला जाणार असेल तर मी ३ च ठेवतो आणि तीन कार्डांवर पाणी सोडतो.

एक्सेलमध्ये हे एकदा लिहून ठेवा, ५१ च्या जागी ८९ आणि ४४७ च्या जागी २९५ टाकून दुसरी बाजू मिळते:

```
=INT((447-2*2+4)/(51+4))
```

यात पहिला २*२ म्हणजे दोन टोकांचं ब्लीड आणि ४ म्हणजे दोन कार्डांमधली गॅप. उत्तर ८ येतं.

३. गॅप दोनदा मोजली गेलीय का

"हिशोबाने २४ बसायला पाहिजेत पण कोरलमध्ये २१ च बसतायत" असा फोन आला की कारण हेच. दोन कार्डांच्या ब्लीडची मिळून ४ मिमी गॅप आपोआप तयार होते. आता ऑपरेटर ब्लीडसकट ९३ × ५५ चा ऑब्जेक्ट सिलेक्ट करतो, `Step and Repeat` मध्ये `Spacing between objects` निवडतो आणि वर आणखी ४ मिमी टाकतो कारण त्याला सांगितलेलं असतं की गॅप ४ ठेव. झाली गॅप ८. आठ ओळींना ८ गुणिले ५५ अधिक ७ गुणिले ४ म्हणजे ४६८ मिमी लागतात, शीटच ४५७ ची आहे. ब्लीडसकट ऑब्जेक्ट घेतला असेल तर स्पेसिंग शून्य.

त्याच खिडकीत `Offset` निवडून ४ टाकलं तर उलटं होतं, कार्डं एकमेकांवर चढतात, कारण ऑफसेट हा पहिल्या कार्डाच्या जागेपासून दुसऱ्याच्या जागेपर्यंतचं अंतर असतो, मधली गॅप नाही. ते मात्र लगेच दिसतं त्यामुळे त्याने नुकसान होत नाही.

लावून झाल्यावर एकच माप बघा. पहिल्या कार्डाच्या कापायच्या बाहेरच्या रेषेपासून शेवटच्या कार्डाच्या कापायच्या बाहेरच्या रेषेपर्यंत उभं ४३६ मिमी आणि आडवं २७५ मिमी आलं पाहिजे. हे आलं तर मधलं सगळं बरोबर आहे, एकेक गॅप मोजत बसायची गरज नाही. छापलेल्या शीटवरही तेच मोजा.

४. पांढरी रेघ, शेजारचा रंग

आता दुसरं लक्षण. पांढरी रेघ दिसते म्हणजे रंग कापण्याच्या रेषेवरच संपलाय, बाहेर वाढवलेलाच नाही. फाइल झूम करून बघा. अनेकदा बॅकग्राउंडचा चौकोन वाढवलेला असतो पण त्यावरचा फोटो किंवा कडेची पट्टी मात्र कार्डाच्या मापातच राहिलेली असते, मग रेघ फक्त तिथेच येते आणि माणूस कटिंगला दोष देतो.

शेजारचा रंग डोकावतो तेव्हा गॅपच ठेवलेली नसते, कार्डाला कार्ड चिकटवून एकाच कटमध्ये दोन्ही वेगळी केलेली असतात. कटिंगवाल्यांना हे आवडतं आणि त्यात तथ्य आहे, २४ कार्डांच्या शीटला गॅप असेल तर २२ कट लागतात, एकत्र लावलं तर १३ च. कार्डाची कड पूर्ण पांढरी असेल, किंवा सगळ्या बाजूंना एकच सपाट रंग असेल, तर खुशाल चिकटवून लावा. पण वर निळी आणि खाली पांढरी पट्टी असलेलं कार्ड चिकटवून लावलं तर खालच्याची निळी पट्टी वरच्या पांढऱ्याला लागून येते आणि पातं अर्धा मिमी जरी इकडेतिकडे झालं तरी पांढऱ्या कडेवर निळी रेघ उठते.

कटिंगचाच दोष आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं कार्ड एकमेकांवर ठेवा. वरचं मापात आणि खालचं कमीजास्त असेल तर गठ्ठा जाड घेतलाय किंवा पात्याची धार गेलीय, फाइल बरोबर आहे. गठ्ठा निम्मा करायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

५. मागची बाजू सरकते

३०० जीएसएमचं शीट उजेडात धरून आरपार काही दिसत नाही. म्हणून क्रॉप मार्कच्या कोपऱ्यात टाचणी टोचा, शीट उलटं करा आणि भोक मागच्या मार्कवर पडतंय का बघा. चारही कोपऱ्यांना करा. असे तीन-चार शीट बघितले की वर सांगितलेला फरक कळतो. सगळ्यांना सारखाच दीड मिमी असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये मागची बाजू तेवढी सरकवता येते. प्रत्येक शीटला वेगळा असेल तर आधी कागद बघा. पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, पाकीट उघडं राहिलं की शीटच्या कडा लाटेसारख्या होतात आणि असा कागद मशीन सरळ ओढत नाही. बंद पाकिटातले ताजे शीट घालून एकदा बघा.

एखाद मिमी फरक मात्र चांगल्या डिजिटल मशीनवरही राहतो, त्यामुळे कडेपासून दोन मिमीवर बारीक बॉर्डर असलेलं डिझाइन आलं तर मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की ती तिरकी दिसणार, बॉर्डर काढा किंवा आत घ्या. मजकूर कडेपासून ४ मिमी आत.

६. शीट किती मागवायचे: एका जॉबचा पूर्ण हिशोब

एकाच नावाची हजार कार्डं असतील तर सोपं आहे, १००० भागिले २४, वरचा पूर्ण आकडा ४२, अधिक वाया जाणारे. गोंधळ होतो तो नावं जास्त असली की.

एका पतसंस्थेचं काम घ्या. पाच कर्मचारी, प्रत्येकी २०० कार्डं, मागची बाजू सगळ्यांची एकच. एकूण हजारच, म्हणून ४२ शीट आणले जातात. पण २४ जागा पाच जणांत वाटल्या तर चौघांना ५ आणि एकाला ४ मिळतात. ज्याला ४ मिळाल्या त्याची २०० पूर्ण व्हायला ५० शीट छापावे लागतात. ४२ वर थांबलात तर त्याची १६८ च होतात आणि बाकीच्यांची २१०. शीटचा आकडा एकूण कार्डांवरून ठरत नाही, सगळ्यात कमी जागा मिळालेल्या नावावरून ठरतो. नेमका तो माणूस शाखाधिकारी निघतो हा माझा अनुभव.

दुसरा मार्ग, प्रत्येक नावाचं शीट वेगळं. २०० भागिले २४ म्हणजे ९ शीट, पाच नावांचे ४५. हे ५० पेक्षा बरं दिसतं आणि कटिंगनंतर कार्डं निवडत बसावी लागत नाहीत. पण ९ शीटची कार्डं होतात २१६, म्हणजे फक्त १६ जास्तीची, आणि एक शीट खराब झालं की एकदम २४ जातात, उरतात १९२. एकेक शीट जादा घेतला तर आकडा परत ५० वरच.

आता तिसरा. तुमच्या प्रिंटरकडे १३ × १९ इंचाचं शीट चालत असेल, ३३० × ४८३ मिमी, तर कडेचे ५ मिमी सोडून ३२० × ४७३ मिळतात. नेहमीसारखं लावलं तर तीन गुणिले आठ, २४ च. मोठं शीट घेऊन एकही कार्ड वाढलं नाही म्हणून लोक इथेच सोडून देतात. पण कार्ड फिरवा: ४७३ भागिले ९३ म्हणजे ५, ३२० भागिले ५५ म्हणजे ५, एकूण २५. पाच नावं, प्रत्येकाला ५ जागा, बरोबर ४० शीट. एक शीट खराब झालं तरी प्रत्येकाची पाचच जातात, त्यामुळे तीन-चार जादा शीट सगळ्यांना पुरतात. एकेका ओळीत एकच नाव लावा म्हणजे पट्टी कापली की नावं वेगळी होतात. लांबीच्या बाजूला मात्र दोन्हीकडे चारच मिमी उरतात, क्रॉप मार्क तीन मिमीचे ठेवा नाहीतर ते न छापणाऱ्या पट्टीत जातील.

१३ × १९ च्या प्रिंटचा दर जास्त असू शकतो, तेव्हा ४४ गुणिले तो दर आणि ५० अधिक वाया जाणारे गुणिले १२ × १८ चा दर, दोन्ही करून बघा आणि मगच ठरवा.

वाया किती धरायचे? नुसती छपाई आणि कटिंग असेल तर मी लहान जॉबला तीन ते पाच शीट धरतो, रंग बघायला, मागची बाजू जुळवायला आणि कटिंगवाल्याला पहिला कट लावून बघायला. थर्मल लॅमिनेशन असेल तर आणखी दोन-तीन, कारण रोल चालू होताना आणि संपताना फुगे किंवा सुरकुती येते. ही जादाची शीट दोन्ही बाजू छापूनच पुढे द्यायची, कोरी देऊन उपयोग नाही, खराबी लॅमिनेशन आणि कटिंगमध्ये होते तेव्हा छापलेलंच लागतं. आणि जादा शीट त्याच पाकिटातली घ्या, चार दिवसांनी दुसऱ्या पाकिटातून आणलं तर पांढरेपणा वेगळा दिसतो.

कुठे थांबायचं

ताजा कागद घालून, स्केल तपासून, मागच्या बाजूचं सेटिंग करूनही प्रत्येक शीट वेगळं सरकत असेल तर मशीनचे रोलर झिजले असतील. झाकण उघडून स्वतः हात घालू नका, आतला फ्युजर छपाईनंतर बराच वेळ चटका बसेल इतका गरम असतो, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा आणि त्याला टोचलेली तीन-चार शीट दाखवा, त्याचा वेळ वाचतो.

कटिंग मशीनचं पातं काढणं, धार लावणं, पातं आणि गेज काटकोनात आणणं हे त्या मशीनच्या मेकॅनिकचंच काम. दुकानातल्या पोराला पाना देऊन करायला लावू नका, बोटं जातात.

आणि पाच-दहा हजार कार्डं किंवा लेबलं असतील तर डिजिटलचा हा हिशोब धरून कागद विकत घेऊ नका, ऑफसेटवाल्याकडे आधी जा. तिथे कागद एका बाजूने ग्रिपर पकडतो, त्या बाजूला १० ते १२ मिमी सोडावे लागतात, शीटचा आकारही त्याच्या मशीनप्रमाणे असतो आणि प्लेट जुळवताना जाणारे शीट पाच-सातात भागत नाहीत. त्याला कार्डाचं माप, ब्लीड, नावं किती आणि प्रत्येकाची किती हे एका कागदावर लिहून द्या आणि शीटचा आकडा त्याच्याकडून घ्या. फक्त तो आकडा एकूण कार्डांना भागून काढलाय की प्रत्येक नावाप्रमाणे, एवढं तेवढं विचारा.